साइटवर विमा दिसतोय, पण कोणत्या गाडीचा?

काका, गेल्या वर्षी आम्ही जुनी पेट्रोल कार घेतली, २०१८ची, ११९७ सीसी. आरसी माझ्या नावावर आहे. गेल्या महिन्यात विमा संपला. ज्या एजंटामार्फत गाडी घेतली होती त्यानेच थर्ड पार्टी इन्शुरन्स आणि पीयूसी मिळून ३,२०० रुपयांत करून दिलं. गाडी घरातून हललीसुद्धा नाही. “आंटी, टेन्शन मत लो, सब ऑनलाइन है,” म्हणाला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोन कागद पाठवले. शेजारच्या जोशीकाकांनी “इतक्या स्वस्तात कसं?” असं विचारलं आणि माझी झोप उडाली. मुलाने सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून पाहिला. विमा चालू दिसतो, पीयूसीची जागा मात्र रिकामी आहे. तो म्हणतो, विमा दिसतोय म्हणजे खराच, आणि पीयूसी चढेल दोन दिवसांत. खरं काय समजायचं? कागद, आरसीचा फोटो आणि पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट सोबत पाठवते आहे.

एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

ताई, पुढचं वाचण्याआधी गाडीची चावी मुलाच्या हातातून काढून घ्या. तुमचे दोन्ही कागद खोटे आहेत, पण दोघांचा खोटेपणा निरनिराळ्या जातीचा आहे. त्यातला साइटवर दिसणारा जास्त वाईट. जोशीकाकांना माझा नमस्कार सांगा. बावीस वर्षं मोटार विम्याच्या दाव्यांच्या फायली पाहिल्या, पण पहिला प्रश्न मीही हाच विचारतो.

तर आधी भाव. गाडीचं स्वतःचं नुकसान भरून देणाऱ्या विम्यात कंपन्या आपापसात भाव कमी-जास्त करतात. थर्ड पार्टीत तसं नाही. तो दर सरकार ठरवतं आणि सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरानुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला वर्षाचे ३,४१६ रुपये पडतात. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६१५. एकूण ४,०३१. सरकारने नवे दर काढले की आकडा बदलेल, पण त्या दिवशी तो सगळ्यांचाच बदलेल. कोणत्याही कंपनीकडे जा, तुमच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा ४,०३१च्या खाली निघत नाही.

तुमच्या कागदावर एकूण रक्कम बरोबर ४,०३१ छापलेली आहे. तुम्ही दिले ३,२००, आणि तेही पीयूसी धरून. मग वरचे आठशे कोणी भरले? एजंट सांगेल, मी माझं कमिशन सोडलं. विमा कायद्याच्या ४१व्या कलमाने तशी सूट देणंही मना आहे आणि घेणंही. शिवाय आपल्या खिशातून आठशे घालून पॉलिसी विकणारा एजंट मला अख्ख्या नोकरीत एकही भेटला नाही.

आता कागदाच्या उजव्या कोपऱ्यातल्या क्यूआर कोडकडे या. मोटार पॉलिसीवर हा कोड छापायला विमा नियामकाने कंपन्यांना सांगून बरीच वर्षं झाली, पण तो स्कॅन करून पाहणारा माणूस विरळा. तुमचा कागद मी संगणकावर उघडला आणि फोन समोर धरला. पॉलिसी क्रमांक तोच आला. गाडीचा नंबरही तोच, MP09ने सुरू होणारा. मुदतही तीच. पण प्रीमियमच्या जागी आलं ८४३, आणि वाहनाच्या जागी `Two Wheeler`.

८४३ कुठून आले ते सांगतो. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी दर आहे ७१४ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १२८ रुपये ५२ पैसे. बेरीज ८४२ रुपये ५२ पैसे, म्हणजे ८४३. तुमच्या एजंटाने खऱ्या कंपनीकडून, खरे पैसे भरून, खरी पॉलिसी घेतली. फक्त ती स्कूटरची घेतली आणि नंबर तुमच्या कारचा टाकला. मग पीडीएफमध्ये दुचाकीचं कार केलं, ८४३चं ४,०३१ केलं आणि तुम्हाला पाठवलं. कोड मात्र जुनाच राहिला, कारण तो डोळ्यांनी वाचता येत नाही आणि हे लोकही तो वाचत नाहीत. कागद मोठा करून बघितलात तर ४,०३१ मधले आकडे शेजारच्या आकड्यांपेक्षा किंचित जाड दिसतील. तुमच्या ३,२००मधले ८४३ वजा करा, म्हणजे भियाने दहा मिनिटांत किती कमावले ते कळेल.

साइटवर विमा चालू का दिसतो, तेही यातच आलं. विमा कंपनी पॉलिसी दिली की तिची नोंद ‘वाहन’ या सरकारी यंत्रणेत गाडीच्या नंबरासमोर पाठवते. मुलाने `parivahan.gov.in` वर `Know Your Vehicle Details` मध्ये नंबर टाकला तेव्हा त्याला कंपनीचं नाव आणि मुदत दिसली. गाडीचा प्रकार कार असाही दिसला असेल. पण तो प्रकार आरसीच्या नोंदीतून येतो, पॉलिसीतून नाही. या नंबराच्या नावाने एक पॉलिसी अमुक तारखेपर्यंत आहे, एवढंच ते पान सांगतं. ती कारची आहे की लूनाची, हे त्या पानाला ठाऊक नसतं. म्हणून साइटवर काहीच दिसलं नाही तर शंका घ्यायची, आणि दिसलं तरी शंका संपली असं समजायचं नाही. उलटही घडतं. खऱ्या पॉलिसीची नोंद काही वेळा चार-आठ दिवस उशिरा चढते. नवी पॉलिसी लगेच दिसली नाही म्हणून घाबरून जाऊ नये, कंपनीला विचारावं.

रस्त्यावर चौकशी झाली तर पोलीसदादा बहुधा हेच पान बघेल आणि सोडून देईल. धोका तिथे नाही. काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर एका लोडिंग रिक्षाची फाइल आली. चालकाने पाच महिने असाच कागद निर्धास्त वापरला होता, दोनदा तपासणीतून सुटलाही होता. मग त्याच्या रिक्षाखाली एक माणूस सापडला. कंपनीने पॉलिसी क्रमांक उघडला, समोर दुचाकी दिसली, आणि कंपनीने न्यायाधिकरणात लिहून दिलं की या रिक्षाचा विमा आम्ही कधी दिलाच नव्हता. मृताच्या घरच्यांनी मागितलेली भरपाई मालकावर आली. मोटार वाहन कायद्याच्या १६४व्या कलमात, चूक कोणाची हे न बघता द्यायची मृत्यूची भरपाईच ५ लाख आहे. चूक सिद्ध करून मागितली तर मृताचं वय आणि कमाई बघून आकडा कितीही वर जातो. विम्याशिवाय गाडी चालवल्याचा पहिला दंड २,००० रुपये आहे. लोक त्या दोन हजारांना भितात आणि त्यासाठी कागद जमवतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

क्यूआरचा पुरावा माझ्यापुरता पुरेसा आहे, तुम्ही मात्र त्यावर थांबू नका. कोडही खोटा चिकटवता येतो. स्कॅन केल्यावर एखादं पान उघडायला लागलं तर आधी वरचा पत्ता वाचायचा, तो कंपनीचाच आहे ना बघायचं. पक्की परीक्षा एकच: पॉलिसी कंपनीच्या तोंडून ऐकणे. कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करा, कागदावरची लिंक किंवा फोन नंबर वापरू नका. बहुतेक कंपन्यांच्या साइटवर पॉलिसी क्रमांक आणि गाडीचा नंबर टाकून प्रत उतरवून घेता येते. त्यासाठी ओटीपी येतो.

इथे एक गंमत घडेल. ओटीपी तुमच्या फोनवर येणार नाही. पॉलिसी काढताना एजंटाने मोबाइल आणि ईमेल स्वतःचे टाकलेले असणार, नाहीतर कंपनीची मूळ प्रत तुमच्याकडे थेट आली असती आणि त्याचं पितळ त्याच दिवशी उघडं पडलं असतं. विम्याच्या नोंदीत तुमचा नंबर नसणं ही स्वतंत्र खूण समजा. मग कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. पॉलिसीचा कागद आणि आरसी जोडा, आणि तीनच गोष्टी लेखी विचारा: या क्रमांकाच्या पॉलिसीत वाहनाचा प्रकार कोणता, चासी क्रमांक कोणता, आणि पॉलिसी आज चालू आहे की रद्द झाली. शेवटचं विसरू नका. काही एजंट खरी कारचीच पॉलिसी काढतात, गिऱ्हाइकाला प्रत देतात आणि आठवड्याने ती रद्द करून पैसे परत घेतात. तो कागद अगदी अस्सल असतो, फक्त मेलेला असतो.

आता पीयूसी. मुलाला सांगा, विम्याची नोंद चढायला वेळ लागू शकतो, पीयूसीचं तसं नाही. पीयूसी केंद्र आता वाहन यंत्रणेतच काम करतं. तपासणी झाली की आकडे तिथेच भरले जातात आणि प्रमाणपत्र त्याच यंत्रणेतून छापून निघतं. म्हणजे आधी नोंद, मग कागद. कागद हातात आहे आणि नोंद नाही, याचा अर्थ तो कागद त्या यंत्रणेतून निघालेला नाही. ‘नेट बंद था, बाद में चढ़ा देंगे’ ही सबब ऐकून घेऊ नका.

तरी एकदा थेट पाहा. `puc.parivahan.gov.in` वर `PUC Certificate` म्हणून जागा आहे. तिथे गाडीचा नंबर आणि चासी क्रमांकाची शेवटची पाच अक्षरं टाकायची. चासी क्रमांक आरसीवर सतरा अक्षरांचा असेल, त्यातली शेवटची पाच. शून्य आणि इंग्रजी ओ यांत घोळ झाला तर उगाचच नोंद सापडत नाही, म्हणून दोनदा टाकून बघा. खरं प्रमाणपत्र असेल तर तिथल्या तिथे उघडतं. जुन्या गाड्या घेणाऱ्यांनीही हे पान लक्षात ठेवावं. विकणाऱ्याकडून आरसी मागून घेतली की दोन मिनिटांचं काम आहे.

तुमच्या कागदावर मला साइटशिवायच दोन गोष्टी दिसल्या. पीयूसीवर गाडीचा फोटो असतो, नंबर प्लेट दिसेल असा, केंद्रावर तपासणीच्या वेळी काढलेला. तुमच्या प्रमाणपत्रावरच्या फोटोत मागच्या काचेवर ‘बेचना है’ची चिठ्ठी आहे. ताई, ती गाडी गेल्या वर्षापासून तुमची आहे. विक्रीच्या वेळचा फोटो एजंटाच्या फोनमध्ये पडून होता, तोच त्याने चिकटवला.

दुसरी गोष्ट आकड्यांची. पेट्रोल गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. पहिला टक्क्यांत, दुसरा पीपीएममध्ये. डिझेल गाडीला एक्सिलरेटर दाबून धूर किती काळा येतो ते मोजतात. तुमच्या कागदावर वर इंधन `PETROL` आहे आणि खाली आकडा धुराच्या काळेपणाच्या रकान्यात भरलेला आहे. बहुधा कोणाच्या तरी डिझेल गाडीचा कागद घेऊन वरचं वर बदललं. मुदत मात्र त्याने बरोबर घातली आहे, एक वर्ष. २०१८ची तुमची गाडी बीएस-४ आहे आणि बीएस-४ व पुढच्या गाड्यांना बारा महिन्यांची मुदत मिळते. बीएस-३ किंवा त्याआधीच्या गाडीच्या कागदावर वर्षभराची मुदत असती तर तीही खोटेपणाची खूण ठरली असती, कारण त्यांना सहाच महिने मिळतात.

पीयूसीत आणखी एक फसवणूक चालते, ती साइटवर कधीच सापडत नाही. खरं केंद्र, खरी नोंद, पण गाडी आणलेलीच नसते. नळी दुसऱ्याच गाडीला लावतात. ‘गाडी नको, आरसीचा फोटो पाठवा’ असं केंद्रवाला स्वतः म्हणाला तर समजून जावं. तुमच्या प्रकरणात ती पायरीसुद्धा गाठलेली नाही.

आता कामाला लागा, आणि या क्रमाने लागा. आज संध्याकाळीच एखाद्या कंपनीच्या साइटवरून थर्ड पार्टी पॉलिसी घ्या. नुसत्या थर्ड पार्टीला गाडीची पाहणी लागत नाही, त्यामुळे घरबसल्या होतं. पूर्ण विमा हवा असेल तर आधीचा संपलेला असल्यामुळे कंपनी गाडीचे फोटो किंवा व्हिडिओ मागेल. ते न मागता कोणी ‘फुल इन्शुरन्स’ देऊ केला तर पुन्हा तीच शंका घ्या. भरताना वाहनप्रकार, चासी आणि इंजिन क्रमांक आरसीवर बोट ठेवून जुळवा. मोबाइल आणि ईमेल तुमचाच टाका. मालक-चालकाच्या अपघात विम्याचा प्रश्न येईल, १५ लाखांचा. तो आधी कुठे काढलेला नसेल तर घ्यावा लागतो, त्यामुळे एकूण रक्कम ४,०३१च्या थोडी वर जाईल. पैसे कंपनीच्या नावावर जात आहेत ना, ते यूपीआयच्या पडद्यावर वाचा. मागच्या वेळी ते एजंटाच्या स्वतःच्या खात्यात गेले होते, तुमच्याच स्क्रीनशॉटवर दिसतंय. पॉलिसी सुरू होण्याची तारीख आणि वेळ छापलेली असते. ती वेळ उलटेपर्यंत गाडी उभीच.

ती सुरू झाली की गाडी घेऊन पीयूसी केंद्रावर जा आणि तपासणी होईपर्यंत तिथेच थांबा. पीयूसी नसताना चौकशीत सापडलात तर कायद्यात १० हजारांपर्यंत दंड आहे, म्हणून घरातून थेट जवळचं केंद्र गाठा, वाटेत भाजी-बिजी नको.

एजंटाशी भांडायला जाऊ नका. तो ३,२०० परत करून सगळे मेसेज पुसायला लावेल, आणि तुमच्याजागी दुसरी आंटी शोधेल. आधी चॅट, दोन्ही कागद, पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट आणि कंपनीचं उत्तर एका जागी ठेवा. मग ठाण्यात लेखी तक्रार द्या. पैसे ऑनलाइन गेल्यामुळे १९३० या सायबर मदत क्रमांकावर किंवा `cybercrime.gov.in` वरही देता येते. तक्रारीत भारतीय न्याय संहितेची कलमं ३१८ आणि ३३६ लिहिलीत तर बरं, पहिलं फसवणुकीचं, दुसरं बनावट दस्तऐवजाचं. कंपनीला वेगळं लिहा की ही दुचाकीची पॉलिसी माझ्या संमतीने निघालेली नाही, ती रद्द करा. कंपनीने पंधरा दिवस दाद दिली नाही तर नियामकाच्या ‘बीमा भरोसा’वर जा, फोन १५५२५५.

आणि ते दोन कागद गाडीच्या कप्प्यातून आजच काढा. कालपर्यंत तुम्ही फसलेल्या होतात. आता खोटं आहे हे माहीत असताना तोच कागद कोणाला खरा म्हणून दाखवलात, तर ३४०वं कलम तुमच्यावर येतं. फाडू मात्र नका, ठाण्यात लागतील.

आठवड्याने मुलाला पुन्हा साइट उघडायला सांगा. नवी कंपनी, नवी मुदत आणि पीयूसीची तारीख दिसायला हवी. जुन्या पॉलिसीचंच नाव दिसत राहिलं तर नव्या कंपनीला तो स्क्रीनशॉट पाठवून नोंद दुरुस्त करून घ्या.